एकच पानिपत, चार प्रश्न

प्रश्न: इतिहासाच्या पेपरात कधी ‘चर्चा करा’ येतं, कधी ‘मूल्यमापन करा’, कधी ‘तुलना करा’, कधी ‘कारणमीमांसा करा’. मी प्रत्येक वेळी विषयाचं आठवेल ते सगळं लिहितो, तरी 10 पैकी 4-5 च मिळतात. या शब्दांनी खरंच काही फरक पडतो का?

पडतो, आणि तुमचे मार्क बहुतेक तिथेच जातात. बरीच वर्षं पदवीचे पेपर तपासतो आहे. पानिपतवर तीन पानं भरलेली, एकही सन न चुकलेली उत्तरपत्रिका हातात येते आणि तिला निम्मे मार्क देताना मला वाईट वाटतं. पण विचारलेलं तिच्यात नसतं. म्हणून पानिपतच घेऊन सांगतो.

समजा प्रश्न आहे, ‘पानिपतच्या तिसऱ्या लढाईतील मराठ्यांच्या पराभवाची कारणमीमांसा करा.’ बहुतेक मुलं दत्ताजी शिंद्यांच्या बुराडी घाटावरच्या मृत्यूपासून सुरू करतात आणि 14 जानेवारी 1761 च्या संध्याकाळपर्यंत गोष्ट सांगत येतात. ती गोष्ट खरी असते, पण तिला वृत्तान्त म्हणतात. कारणमीमांसेत प्रत्येक वाक्याने पुढच्या वाक्याला ‘म्हणून’ने ओढत न्यायला हवं. ऑक्टोबर 1760 मध्ये मराठ्यांचे सेनापती भाऊसाहेब कुंजपुऱ्याचा किल्ला घ्यायला दिल्लीच्या उत्तरेला गेले. ते तिकडे असताना अब्दाली बागपतजवळ यमुना उतरून अलीकडे आला. म्हणून तो मराठे आणि दिल्ली यांच्या मधे येऊन बसला. म्हणून दक्षिणेकडून येणारी रसद आणि पैसा तुटला. दुआबातून मदत करू शकणारे गोविंदपंत बुंदेले डिसेंबरात मारले गेले, तीही वाट बंद झाली. सोबत यात्रेकरू आणि बायकापोरं असल्यामुळे खाणारी तोंडं लढणाऱ्यांपेक्षा कितीतरी जास्त होती. म्हणून जानेवारीत थांबून राहणं शक्यच उरलं नाही, आणि उपाशी फौजेला बाहेर पडून लढावं लागलं.

आता या साखळीत विश्वासरावांना गोळी लागणं कुठे बसतं ते पाहा. त्याने फौजेचा धीर सुटला हे खरं, पण पोटभर जेवलेल्या आणि मागे वाट मोकळी असलेल्या फौजेचा तो तसाच सुटला असता का? हा प्रश्न स्वतःला विचारलात की जवळचं कारण आणि मुळातलं कारण वेगळी होतात. मुळातलं कारण कोणतं ते एका वाक्यात ठाम सांगा. माझ्या मते ते बागपत आहे. तुम्ही वेगळं म्हणालात तरी मार्क जाणार नाहीत. कारणांची नुसती रांग लावलीत आणि सगळ्यांना सारखंच वजन दिलंत, तर मात्र जातील.

आता प्रश्न बदलतो. ‘पानिपतने मराठ्यांच्या उत्तरेतील सत्तेचा कायमचा शेवट केला, या विधानाचे मूल्यमापन करा.’ वर लिहिलेली उपासमार, बागपत, बुंदेले यांना इथे फार तर एक ओळ. विद्यार्थ्यांना हे सोडवत नाही, कारण तेच सगळ्यात चांगलं पाठ असतं. मूल्यमापनाला आधी मोजपट्टी लागते. ‘कायमचा शेवट’ झाला हे कशावरून ठरवायचं, ते पहिल्या परिच्छेदातच सांगायचं. समजा, दिल्लीवरचा ताबा ही एक कसोटी धरली. तर 1771 मध्ये मराठे पुन्हा दिल्लीत होते, आणि जानेवारी 1772 मध्ये महादजी शिंद्यांनी मुघल बादशहा शाहआलमला तिथे आणलं. या कसोटीवर विधान टिकत नाही. दुसरी कसोटी प्रतिस्पर्ध्यांची. मधल्या दहा वर्षांत हैदरने म्हैसूर हातात घेतलं, आणि बक्सारची लढाई जिंकून 1765 मध्ये इंग्रजांनी बंगालची दिवाणी मिळवली. तिसरी कसोटी पुण्याची सरदारांवरची पकड. नानासाहेब पेशवे जून 1761 मध्ये गेले. माधवरावांनी घडी बसवली, पण ते 1772 मध्येच गेले, आणि नंतर उत्तरेचा कारभार पुण्यापेक्षा शिंद्यांच्या हाती जास्त राहिला. तेव्हा निकाल असा निघतो, की फौज सावरली, मधली दहा वर्षं परत आली नाहीत, म्हणून विधानातला ‘कायमचा’ हा शब्द तेवढा चुकीचा आहे. निकाल विधानातल्या नेमक्या शब्दावर असा द्यावा. ‘म्हणून पानिपत ही महत्त्वाची घटना होती’ या शेवटाने काहीच ठरत नाही.

तुलनेचं थोडक्यात सांगतो, कारण चूक एकच आणि सगळ्यांची तीच असते. ‘उदगीर आणि पानिपत यांची तुलना करा’ म्हटलं की अर्धं पान उदगीर, अर्धं पान पानिपत. मग तुलना करायची राहते तपासणाऱ्याने. परिच्छेद लढाईचे पाडू नका, मुद्द्याचे पाडा. दोन्हीकडे सेनापती भाऊसाहेबच, तोफखाना इब्राहिमखान गारद्याचाच, मधे जेमतेम अकरा महिने. मग फेब्रुवारी 1760 मध्ये निजामाला नमवून 60 लाखांचा मुलूख घेणारी हीच जोडी पुढच्या जानेवारीत का हरली? उदगीरला घेरणारे मराठे होते, मुलूख ओळखीचा होता. पानिपतला घेरलेले मराठे होते, आणि मुलूख परका. साम्य जेवढं घट्ट दाखवाल, तेवढा हा फरक उठून दिसतो.

‘चर्चा करा’ हा यातला सगळ्यात फसवा. ‘पानिपतच्या पराभवाला भाऊसाहेबांचे नेतृत्व जबाबदार होते. चर्चा करा.’ इथे विधान वादाचं आहे, तेव्हा दोन्ही बाजूंना पुराव्यानिशी बोलू द्यायचं. एका बाजूने, जड तोफा आणि कबिले मागे ठेवून गनिमी काव्याने लढा हा मल्हाररावांचा आणि सुरजमल जाटाचा सल्ला त्यांनी मानला नाही, आणि कुंजपुऱ्याला जाताना यमुनेचे उतार राखले नाहीत. दुसऱ्या बाजूने, याच तोफांनी त्यांना उदगीर मिळवून दिलं होतं, तेव्हा त्या मागे ठेवा हे ऐकायला त्यांना फार सबळ कारण नव्हतं. शिवाय उत्तरेत मित्र नसण्याचं मूळ त्यांच्या आधीचं आहे. 1754 मध्ये मराठ्यांनी सुरजमलच्याच कुंभेरीला वेढा घातला होता. मूल्यमापनासारखी मोजपट्टी इथे आधी मांडावी लागत नाही, आणि शेवट सशर्त असला तरी चालतो. उदाहरणार्थ, बागपतची चूक भाऊसाहेबांची, एकटं पडणं वारशाने आलेलं.

पण ‘पानिपतच्या परिणामांची चर्चा करा’ असं आलं, तर त्यात विधानच नाही. तिथे ओढूनताणून दोन बाजू उभ्या करू नका. राजकीय, लष्करी, आर्थिक परिणाम सांगा, आणि त्यातला कोणता खोल गेला ते ठरवा. आणि पेपर दोन भाषांत असेल तर इंग्रजी ओळही वाचा. ‘अकाउंट ऑफ’ला वृत्तान्त हवा असतो, ‘अकाउंट फॉर’ला कारणं. मराठी अनुवादात दोन्हींना ‘वर्णन करा’ लिहिलेलं मी पाहिलं आहे, आणि त्या दिवशी वर्गातल्या चांगल्या मुलांनीही लढाईची गोष्टच लिहून ठेवली होती.