पुतण्याचं मूल्यमापन करताना

दुकानातल्या उधारीची वसुली पुतण्याकडे आहे ना? मग त्याच्याशी कामाबद्दल बोलण्याआधी मुनीमजींकडून उधारीची यादी काढून घे: ३० दिवसांपर्यंतची, ६० पर्यंतची, ९० च्या पुढची. दुसऱ्या सेल्समनची यादीही त्याच नमुन्यात शेजारी ठेव. पुतण्याची ९० च्या पुढची उधारी जास्त दिसली, तर आधी ती गिऱ्हाइकं त्याला कुणी दिली ते बघ. बुडीत खाती कधीकधी घरच्याच माणसाच्या गळ्यात पडतात. ती वगळूनही आकडा वाईट असेल, तर त्यालाच सांग, त्याच्या वडिलांमार्फत नको. दुकानात बस, जेवणाच्या ताटावर हा विषय नको. पगार कामाचा ठरव. घराण्याचा वाटा नफ्यातून वेगळा दे. दोन्ही एकाच पाकिटात घातलेस तर पगार कधीच कमी करता येणार नाही.