ओळ उलटी लिही

प्रिय मुला,

१ ते १०० च्या बेरजेत १ आणि १००, २ आणि ९९ अशा ५० जोड्या पडतात, प्रत्येकीची बेरीज १०१, म्हणून उत्तर ५०५०; इथवर तुझं ठीक आहे. पण ९९ पर्यंतच बेरीज आली की ५० एकटा उरतो आणि तू सूत्र पाठ करायला धावतोस. माझं डोकं तिथंच फिरतं. अरे, सगळी ओळ खाली उलटी लिही! १ च्या खाली ९९, २ च्या खाली ९८, ५० च्या खाली ५०च. अशा ९९ उभ्या जोड्या, प्रत्येकीची बेरीज १००, म्हणजे ९९००. प्रत्येक संख्या दोनदा धरली गेली, म्हणून निम्मे, ४९५०. आता कोण एकटं उरलं?

हे जमतं, कारण वरच्या ओळीत एक घर पुढं गेलं की जेवढं वाढतं तेवढंच खालच्या ओळीत कमी होतं. फरक १ चाच हवा असं नाही. तो सगळीकडं सारखा असला की झालं.

आपल्याकडं करवीर तालुक्यात उसाचं एखादं रान तिरक्या बांधाचं असतं. समज, पहिली सरी ४० फूट, पुढची प्रत्येक ६ फुटांनी लांब आणि शेवटची २१४ फूट. सगळ्या सऱ्यांना ठिबकची नळी किती लागेल? ओळ उलटी लिही. प्रत्येक जोडी २५४. पण जोड्या किती? २१४ मधून ४० वजा केले की १७४, भागिले ६, आले २९. इथं पोरं हमखास फसतात. २९ ही मधली अंतरं झाली, सऱ्या ३०. म्हणून २५४ गुणिले ३०, त्याचे निम्मे, ३८१० फूट. २९ धरलेस तर १२७ फूट नळी कमी पडेल.

वर्गात मी सूत्र फळ्यावर लिहायच्या आधी पोरांकडून ही उलटी ओळ लिहून घ्यायचो. पोर्शन मागं पडतो म्हणून ओरडा खाल्ला, पण हट्ट सोडला नाही आणि आजही सोडणार नाही. जर्मन गणिती गाऊसनं लहानपणी १ ते १०० ची बेरीज चुटकीसरशी केली, ही गोष्ट सांगून सगळे मोकळे होतात. पहिलं आणि शेवटचं पद मिळवून पदांच्या निम्म्या संख्येनं गुणायचं, हे आर्यभटानं ४९९ सालच्या ग्रंथात सांगून ठेवलंय. पण तेही नुसतं पाठ केलंस तर व्यर्थ. उलटी ओळ हातानं लिही.

आणि ती लिहिलीस की कुठं चालत नाही तेही दिसतं. १, ४, ९, १६ खाली १६, ९, ४, १ लिही. पहिली जोडी १७, दुसरी १३. इथं फरकच ३, ५, ७ असा वाढत जातो, म्हणून वर्गांच्या बेरजेला ही युक्ती लावू नकोस.

आता ७, ११, १५ पासून १०३ पर्यंतची बेरीज करून पाठव. सूत्र लिहिलेलं दिसलं तर वही परत येईल.

तुझे सर