ऑस्ट्रेलियाच्या ४९१ व्हिसावर रीजनलला राहायची अट खरंच पाळावी लागते का?

प्रश्न: "मी सोलापूरचा, सिव्हिल इंजिनिअर, वय 31. व्हिक्टोरिया राज्याकडून 491 चं नॉमिनेशन आलंय. मेहुणा मेलबर्नला टार्नीटमध्ये राहतो. एजंट म्हणतो पत्ता जीलाँगचा दाखवा, राहा मेहुण्याकडे, कोण बघतंय. बायकोलाही मेलबर्नच्या आयटी कंपनीत जॉब मिळण्यासारखा आहे. तीन वर्षं असं चालेल का?"

नाही चालणार. आधी हेच सांगतो, कारण नॉमिनेशन आल्यापासून पुढचे 60 दिवस डोक्यात फक्त कागद जमवायचं चाललेलं असतं आणि अटीचा विचार लोक विमानात बसल्यावर करतात. मी स्वतः 491 ह्या रीजनलच्या तात्पुरत्या व्हिसावर 2022 च्या जुलैत बेंडिगोला गेलो, बायको आणि एक पोरगी बरोबर, तीन वर्षं तिथंच काढली आणि गेल्या ऑगस्टला 191 चा म्हणजे पीआरचा अर्ज टाकला. सध्या गड्ड्याच्या यात्रेसाठी जुळे सोलापूरला घरी आलोय म्हणून निवांत लिहितोय. सोलापूरचाच आहेस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नको.

पहिल्यांदा हे बघ की नॉमिनेशनचे 15 पॉइंट तुला का मिळाले. तुझं वय 31 म्हणजे 30 पॉइंट, डिग्रीचे 15, इंग्लिश प्रोफिशियंट असेल तर 10, पाच वर्षांचा अनुभव असेल तर 10, बायकोचं इंग्लिश कॉम्पिटंट असेल तर 5. झाले 70. 190 ह्या थेट पीआरच्या व्हिसात राज्याच्या नॉमिनेशनचे 5 मिळतात आणि 491 मध्ये 15, म्हणजे 85. हे जास्तीचे दहा पॉइंट फुकट नाहीत, छोट्या भागात राहून काम करण्याच्या बदल्यात ते दिलेत. 190 वाल्याला पहिल्या दिवसापासून पीआर असते आणि राज्यात दोन वर्षं राहायचं त्याने राज्याला कबूल केलेलं असतं, पण ते व्हिसावर अट म्हणून छापलेलं नसतं. 491 वर मात्र ती छापलेली असते, नंबर 8579. राहणं, काम करणं, शिकणं, तिन्ही फक्त नेमून दिलेल्या रीजनल भागातच. व्हिसा मिळाल्यावर VEVO ह्या व्हिसा तपासायच्या सरकारी साइटवर स्वतःची एंट्री उघडून बघ, नंबर तिथं दिसेल.

आता तुझ्या टार्नीटचं. रीजनल भाग नकाशावर रेघ ओढून ठरत नाही, पोस्टकोडवर ठरतो. सिडनी, मेलबर्न, ब्रिस्बेन ही तीन महानगरं सोडून जवळपास सगळा देश त्यात येतो, जीलाँग, कॅनबेरा, अ‍ॅडलेड, पर्थसुद्धा. जीलाँगचा 3220 रीजनल आहे. टार्नीटचा 3029 आणि वेरिबी, पॉइंट कुकचा 3030 हे मेलबर्नमध्ये धरतात. गंमत अशी की 2015 पासून जीलाँगची रेल्वे टार्नीटवरूनच जाते, त्यामुळे आपल्या लोकांना वाटतं की टार्नीटला राहून रोज जीलाँगला कामाला जाऊ, काम तर रीजनलला झालं ना. पण अटीत "राहणं" हा वेगळा शब्द आहे. रात्री झोपतोस कुठं, सामान कुठं आहे, वीजबिल कुठल्या घरावर येतं ते बघतात. उलटं केलंस, जीलाँगला घर आणि रोज मेलबर्नच्या ऑफिसला, तरी मोडलीच. दोन्ही पाय आत हवेत. शनिवार-रविवार मेहुण्याकडे गेलास, तिथून बाजार केलास, सणाला चार दिवस राहिलास तर काही अडचण नाही, माझी बायको ज्वारीचं पीठ आणि कडीपत्ता मेलबर्नहूनच आणायची. इंडियाला सुट्टीवर येणंही चालतं.

बायकोचा विषय लोक विसरतात. ही अट फक्त मुख्य अर्जदारावर नाही, व्हिसावरच्या सगळ्यांवर आहे, पोरांच्या शाळेवरसुद्धा. त्यामुळे तुझ्या मिसेसला मेलबर्नच्या कंपनीत आठवड्याला दोन दिवस ऑफिसला जावं लागणार असेल तर ते दोन दिवस अट मोडल्याचे झाले, बाकीचे तीन दिवस ती जीलाँगच्या घरातून काम करते ह्याने ते भरून निघत नाही. घरूनच पूर्ण काम असेल तर ऑफर घेतानाच कंपनीला सांगायचं की कॉन्ट्रॅक्टमध्ये कामाची जागा म्हणून घरचा पत्ता लिहा. पगाराच्या पावतीवर मेलबर्नचा पत्ता आला आणि कॉन्ट्रॅक्टमध्ये काहीच नसलं की पुढं समजावत बसावं लागतं.

"कोण बघतंय" ह्याचं उत्तर असं की रोज कोणी बघत नाही हे खरं. दारात कोणी येत नाही. पण अटी अजून तीन आहेत ज्या एजंट सांगत नाहीत. पत्ता, फोन, ईमेल, पासपोर्ट, नोकरी देणारा किंवा कामाची जागा बदलली की 14 दिवसांत कळवायचं. मागितलं तर राहण्या-कामाची माहिती 28 दिवसांत द्यायची. आणि मुलाखतीला बोलावलं तर जायचं. शिवाय पीआरच्या अर्जात अटी पाळल्या का हे बघितलं जातं, तेव्हा भाडेकरार, वीजबिलं, पगाराच्या पावत्या, बँकेचं स्टेटमेंट सगळं एकमेकांशी जुळावं लागतं. भाड्याचा करार जीलाँगचा आणि कार्डावरचा रोजचा किराणा, पेट्रोल टार्नीटचं, हे लपत नाही. अट मोडल्यावर व्हिसा रद्द होऊ शकतो, आणि खोटा करार जोडलास तर अर्ज नाकारून पुढं तीन वर्षं बहुतेक व्हिसे बंद होऊ शकतात.

माझ्या ओळखीचा एक पुण्याचा मुलगा, त्याला एजंटाने हेच सांगितलं होतं. पावणेदोन वर्षं तो पश्चिम मेलबर्नला राहिला, गोदामात शिफ्ट करायचा, पत्ता मित्राचा. पीआरची फाइल लावायला घेतली तेव्हा पगाराच्या पावत्यांवर प्रत्येक महिन्याला मेलबर्नच्या गोदामाचं नाव. वकिलाकडे गेला, वकील म्हणाला हे लपवून टाकू नका. आता तो खरंच जीलाँगला राहतोय पण मागची पावणेदोन वर्षं पुसता येत नाहीत आणि व्हिसाची मुदत चालू आहे. दुसरा मार्ग धरावा म्हटलं तर 491 वर असताना पहिली तीन वर्षं पूर्ण झाल्याशिवाय 189, 190 किंवा कंपनीमार्फतच्या 186 ह्या दुसऱ्या पीआर व्हिसांचा अर्जच टाकता येत नाही. एजंट फोन उचलत नाही. मला त्या पोराचं फार वाईट वाटतं, कष्टाळू आहे, पण त्याला कोणी वेळेवर साध्या भाषेत सांगितलंच नाही.

आता हिशोब, हा सगळ्यात महत्त्वाचा. व्हिसा पाच वर्षांचा असतो आणि घड्याळ व्हिसा मिळाल्यापासून चालू होतं, तू तिकडे पोचल्यापासून नाही. 191 साठी दोन गोष्टी लागतात: व्हिसा किमान तीन वर्षं हातात असणं आणि तीन आर्थिक वर्षांच्या टॅक्स असेसमेंटच्या नोटिसा. तिकडचं आर्थिक वर्ष 1 जुलै ते 30 जून. उत्पन्नाचा ठरावीक आकडा आधी ठरला होता पण आता किमान रकमेची अट नाही, नोटीस मात्र लागतेच, म्हणून कमाई कमी असली तरी रिटर्न भरायचा, स्वतः भरत असशील तर 31 ऑक्टोबरच्या आत.

समज तुला व्हिसा 2026 च्या फेब्रुवारीत मिळाला, तर तो फेब्रुवारी 2031 पर्यंत. सप्टेंबर 2026 ला गेलास तर 26-27, 27-28, 28-29 अशी तीन वर्षं, म्हणजे जुलै-ऑगस्ट 2029 ला नोटिसा हातात, व्हिसाची तीन वर्षं फेब्रुवारीतच झालेली, आणि पुढं दीड वर्ष शिल्लक. पण आपल्याकडे काय होतं, घरचं लग्न आहे, एमआयडीसीतला प्रोजेक्ट संपू दे, नवीन घराचा हप्ता, असं करत ऑगस्ट 2027 उजाडतो. मग तीन वर्षं 27-28, 28-29, 29-30, नोटीस जुलै 2030 नंतर, आणि व्हिसा संपायला उरतात सात महिने. त्यात एक वर्ष रिटर्न चुकला की खेळ संपला. म्हणून व्हिसा आल्यावर सहा-सात महिन्यांच्या आत निघ.

कामाचं थोडं. 491 वर तू कुठल्याही एका मालकाला बांधलेला नसतोस, नॉमिनेट केलेल्याच पेशात काम करायची व्हिसाची अटही नाही, त्यामुळे सुरुवातीला जे मिळेल ते धरून नंतर सिव्हिलकडे वळता येतं. मेडिकेअर म्हणजे तिकडची सरकारी आरोग्यसेवा मिळते. seek.com.au वर जागा शोधताना शहराचं नाव टाकून शोध, आणि फक्त खाजगी बांधकाम कंपन्या नको बघू, गावोगावच्या कौन्सिल म्हणजे तिकडच्या नगरपालिका रस्ते, ड्रेनेज, पाण्याच्या लाइनसाठी माणसं घेतात, तो आपला सोलापुरी अनुभव तिथं बरोबर बसतो. मला पहिली नोकरी मिळायला साडेतीन महिने लागले, तेवढा खर्च हातात घेऊनच जा.

राज्याचं वेगळं. व्हिसाच्या अटीत रीजनल भाग देशभरात कुठलाही चालतो, जीलाँगहून उद्या होबार्टला गेलास तरी 8579 मोडत नाही. पण नॉमिनेशन घेताना तू व्हिक्टोरियाला लिहून दिलंस की इथं राहीन. ती व्हिसाची अट नाही, तो तुझा शब्द आहे, आणि व्हिसा निघायच्या आधी तू दुसरीकडे चालल्याचं राज्याला कळलं तर ते नॉमिनेशन मागे घेऊ शकतात. व्हिसा निघाल्यावर खरंच काम मिळेना तर राज्याला आधी लिहून विचार, गुपचूप जाऊ नको.

बेंडिगो मेलबर्नपासून दीडशे किलोमीटर, लोकवस्ती लाखभर. आपलं सोलापूर त्याच्या नऊ-दहा पट. पहिले चार महिने संध्याकाळी रस्त्यावर माणूस दिसत नाही म्हणून मिसेस रडायची, हेही तुला आधीच सांगतो, कारण टार्नीटला पळायची इच्छा तिथून होते, पैशांपेक्षा जास्त. आम्ही दुसऱ्या वर्षी तीन मराठी घरं मिळून संक्रांत केली, शेंगाची पोळी, बाजरीची भाकरी, मग निभलं. जीलाँग मेलबर्नपासून 75 किलोमीटरवर आहे, तुला ते बेंडिगोपेक्षा सोपं जाईल.

पुढच्या आठवड्यात एवढं कर. मेहुण्याला फोन करून सांग की घर शोधायला तुझ्याकडे पंधरा दिवस उतरेन, त्यापेक्षा जास्त नाही. मिसेसच्या कंपनीला विचार कामाची जागा कुठली लिहिणार. आणि जीलाँगमध्ये घर बघशील तेव्हा करारावर सही करायच्या आधी पोस्टकोड सरकारी यादीत टाकून बघ, एजंटाच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या यादीत नाही. मी 25 तारखेपर्यंत सोलापुरात आहे, सात रस्त्याला भेटू शकतो, कागद घेऊन ये.