‘गुरु आडक्याचे तीन’ : आडका, लावणे आणि करवणे

प्रश्न : दासबोधात ‘ऐसे गुरु आडक्याचे तीन’ असं येतं. आडका म्हणजे नक्की काय? आणि ‘आडक्याचे तीन’ म्हणजे तीन आडके किंमत का? एका ठिकाणी अनुग्रह घ्यायचा विचार चालू आहे, म्हणून ही ओवी डोक्यात घोळतेय. तिच्यातून खरा गुरू ओळखायची काही खूण मिळते का? आणि अनुग्रह घेतल्यावर चूक कळली तर गुरू सोडता येतो का?

आडका (किंवा अडका) हे अगदी क्षुल्लक किमतीचं जुनं नाणं. आज ते फक्त ‘पैसाअडका’ या जोडशब्दात उरलं आहे. तीन आडके किंमत मात्र नव्हे, उलट आहे. ‘रुपयाची कोथिंबीर’, ‘चार आण्याचे चणे’ यांत ‘-ची, -चे’ हे प्रत्यय ‘एवढ्या पैशांत येणारं’ असा अर्थ देतात. तसंच ‘आडक्याचे तीन’ म्हणजे एका आडक्याला तीन. पूर्ण ओवी अशी आहे :

शिष्यास न लाविती साधन ।
न करविती इंद्रियेंदमन ।
ऐसे गुरु आडक्याचे तीन ।
मिळाले तरी त्यजावे ॥

दशक 5, समास 2, म्हणजे गुरुलक्षणाचा समास. शेवटच्या चरणातला ‘तरी’ महत्त्वाचा आहे. इतके स्वस्त मिळाले तरी घेऊ नयेत, असं समर्थ म्हणतात.

तुमच्या खऱ्या प्रश्नाचं उत्तर मात्र आडक्यात नाही, पहिल्या दोन चरणांच्या क्रियापदांत आहे. बहुतेकांची नजर तिसऱ्या चरणावर खिळते, कारण तो झणझणीत आहे. पण समर्थांनी इथे ‘सांगती’ किंवा ‘देती’ म्हटलेलं नाही, ‘लाविती’ म्हटलं आहे. आपण मुलाला अभ्यासाला लावतो, शिस्त लावतो, सवय लावतो. यात एकदा सांगून मोकळं होणं बसत नाही. लावणारा मागे राहतो, पाहतो, पुन्हा पुन्हा जागेवर आणतो. पुढचं ‘करविती’ तर सरळ प्रयोजक रूप आहे. इंद्रियदमनावर प्रवचन देणं वेगळं आणि ते शिष्याकडून करवून घेणं वेगळं. दोन्ही क्रियापदांचा भार एकाच गोष्टीवर आहे : गुरूकडे काय आहे यापेक्षा शिष्याच्या बाबतीत तो काय घडवतो.

ही खूण मला फार मोलाची वाटते, कारण ती साधकाला तपासता येते. एखाद्याला आत्मज्ञान झालं आहे की नाही हे नवख्या माणसाला बाहेरून कळत नाही. मुंडकोपनिषदात गुरूची दोन विशेषणं आहेत, श्रोत्रिय आणि ब्रह्मनिष्ठ. श्रोत्रिय म्हणजे परंपरेनं शास्त्र शिकलेला. हे विचारपूस करून, चार दिवस ऐकून समजू शकतं. ब्रह्मनिष्ठा मोजायला मात्र आपल्याकडे माप नाही. मग माणसं चमत्काराला माप समजतात. याच समासाची पहिली ओवी ती वाट बंद करते :

जे करामती दाखविती ।
तेही गुरु म्हणिजेती ।
परंतु सद्गुरु नव्हेती ।
मोक्षदाते ॥

इथे समर्थ करामत खोटी म्हणत नाहीत. ती खरी असली तरीही तिच्यावरून मोक्षाच्या गुरूची पारख होत नाही, एवढंच म्हणतात. ‘गुरू’ हा शब्दही ते कुणाकडून हिरावून घेत नाहीत. याच समासाच्या शेवटाकडे मातागुरू, पितागुरू धरून सतरा प्रकारचे गुरू मोजले आहेत आणि सद्गुरू त्या सगळ्यांहून वेगळा काढला आहे. म्हणून ‘ते मोठे गुरू आहेत’ हे कुणी सांगितलं, तर कशाचे गुरू हा प्रश्न उरतोच.

‘लावणे’ प्रत्यक्षात कसं दिसतं, याचं एक उदाहरण देतो. माझ्या ओळखीच्या एका साधकानं नाम घेतलं होतं. काही महिन्यांनी तो अडचण घेऊन गेला : जपाला बसलं की मन पळतं, मग उठावंसं वाटतं. गुरूंनी आधी चौकशी केली. कधी बसतोस, जप मोठ्यानं की मनात, उठतोस तेव्हा काय करायला उठतोस. तो म्हणाला, बहुतेक वेळा फोन बघायला. तेव्हा त्यांनी जपाची संख्या कमी केली, मोठ्यानं म्हणायला सांगितलं, फोन दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगितला आणि पंधरा दिवसांनी येऊन कसं झालं ते सांग म्हणाले. पंधरा दिवसांनी त्यांनी स्वतःहून विचारलं. यात दिपवून टाकणारं काही नाही. पण साधन आहे, ते शिष्याच्या अडचणीप्रमाणे बदललं आहे, इंद्रियाला आवर आहे आणि पाठपुरावा आहे.

हीच अडचण दुसरीकडे नेली असती तर कोणती उत्तरं येतात, हेही पाहण्यासारखं आहे. ‘तुझी श्रद्धा कमी पडते.’ ‘सेवा वाढव.’ ‘पुढचं शिबिर कर, त्यात हे सुटेल.’ श्रद्धा आणि सेवा या गोष्टी परंपरेत आहेतच, त्यांना माझा आक्षेप नाही. पण प्रश्न साधनाचा असताना उत्तर प्रत्येक वेळी निष्ठेचं किंवा पैशाचं येत असेल, तर तिथे साधन लावलं जात नाही. एकदा असं उत्तर आलं म्हणून निष्कर्ष काढू नये. वर्षभरात तुमच्या किती अडचणींना साधनाचं उत्तर मिळालं ते पाहावं.

आता ‘आडक्याचे तीन’ या ओवीच्या पुढच्या ओव्या, ज्या फारशा उद्धृत होत नाहीत :

येक द्रव्याचे विकिले ।
येक शिष्याचे आखिले ।
अतिदुराशेनें केले ।
दीनरूप ॥

जें जें रुचे शिष्यामनीं ।
तैसीच करी मनधरणी ।
ऐसी कामना पापिणी ।
पडली गळां ॥

‘द्रव्याचे विकिले’ सगळ्यांना समजतात. ‘शिष्याचे आखिले’ मात्र थांबून वाचावं. शिष्यांनी ज्यांच्याभोवती रेघ आखली, ते हे गुरू. शिष्य दुरावेल या भीतीनं हा गुरू त्याला रुचेल तेच बोलतो. लगेच समर्थ वैद्याचा दृष्टान्त देतात : भिडेखातर गप्प बसणारा वैद्य रोग्याचा घातच करतो. आपल्या मनात भोंदू गुरूचं चित्र दरारा गाजवणाऱ्याचं असतं. इथे समर्थ गोड बोलणाऱ्याला पकडतात. म्हणून स्वतःला विचारा : या गुरूंनी मला न आवडणारं, पण माझ्या हिताचं, काही कधी सांगितलं आहे का? दर भेटीत ‘तुझी प्रगती विलक्षण आहे’ एवढंच ऐकू येत असेल, तर मला काळजी वाटेल.

उलट बाजूनंही फसगत होते. नुसता कडकपणा ही खऱ्या गुरूची खूण नव्हे. शिष्याला उपवास आणि मौन लावणारा स्वतः कसा राहतो? सद्गुरूचं लक्षण सांगताना समर्थांनी विमळ ज्ञानापाठोपाठ प्रबळ वैराग्य आणि ‘विशेष आचारें निर्मळ’ ही अट घातली आहे. ‘आमच्या पातळीला नियम लागू नाहीत’ असं सांगून गुरूच्या वागण्यावर पांघरूण घालणाऱ्यांना तैत्तिरीय उपनिषदातलं वाक्य दाखवावं. विद्या पूर्ण करून निघणाऱ्या शिष्याला आचार्य सांगतात : ‘यान्यस्माकं सुचरितानि, तानि त्वयोपास्यानि, नो इतराणि.’ आमची जी चांगली आचरणं असतील तीच तू उचल, इतर नको. आपलंही वागणं निवडून घ्यायचं असतं, हे गुरूच शिष्याला सांगतो आहे.

अनुग्रहाची घाई करू नका, हे मात्र आग्रहानं सांगतो. प्रश्नोपनिषदात सहा जिज्ञासू समिधा घेऊन पिप्पलादांकडे जातात. पिप्पलाद लगेच काही देत नाहीत. तप, ब्रह्मचर्य आणि श्रद्धेनं वर्षभर इथे राहा, म्हणतात, मग हवे ते प्रश्न विचारा, ‘यदि विज्ञास्यामः सर्वं ह वो वक्ष्यामः’, आम्हाला माहीत असलं तर सगळं सांगू. दोन गोष्टी इथे एकत्र आल्या आहेत. वर्षभर एकत्र राहिलं की पारख दोन्ही बाजूंनी होते. गुरू शिष्याला पाहतो तसा शिष्यही गुरूला रोज पाहतो, पाहुण्यांसमोर आणि पाहुणे नसताना. आणि ‘माहीत असलं तर’ हे शब्द गुरूच्या तोंडी आहेत.

त्याच उपनिषदात सहावा प्रश्न विचारणारा सुकेशा स्वतःची गोष्ट सांगतो. कोसलचा राजपुत्र हिरण्यनाभ त्याच्याकडे सोळा कलांच्या पुरुषाबद्दल विचारायला आला होता. सुकेशा म्हणाला, मला ठाऊक नाही, ठाऊक असतं तर का सांगितलं नसतं? खोटं बोलणारा मुळासकट वाळून जातो. राजपुत्र मुकाट्यानं रथात बसून निघून गेला. समोर राजपुत्र विचारतो आहे, काहीतरी गंभीर बोलून वेळ मारून नेणं सहज शक्य होतं. म्हणून जिथे जाणार आहात तिथे एक पाहा : ‘मला माहीत नाही’ हे वाक्य गुरूंच्या तोंडून कधी ऐकू येतं का, आणि तुमच्या अवघड प्रश्नावर त्यांच्याभोवतीची माणसं कशी वागतात. गीतेनं ज्ञान मिळवायची वाट सांगताना प्रणिपात आणि सेवेच्या मधोमध परिप्रश्न ठेवला आहे. ‘परि’ म्हणजे सर्व बाजूंनी. जिथे नमस्कार आणि सेवा दोन्ही चालतात, पण असा प्रश्न चालत नाही, तिथे गीतेची अट अपुरी राहते.

गुरू सोडण्याबद्दल. ‘गुरुद्रोह होईल, पाप लागेल’ ही भीती घातली जाते आणि चांगली माणसं तिच्यापायी वर्षानुवर्षं अडकतात. ज्या तंत्रपरंपरेत गुरूचं माहात्म्य पराकोटीला गेलं आहे, त्याच परंपरेतलं कुलार्णवतंत्र म्हणतं की शिष्याचं वित्त हरण करणारे गुरू पुष्कळ, त्याचं दुःख हरण करणारा दुर्मिळ. तिथेच असंही आहे की मधाचा लोभी भुंगा जसा फुलावरून फुलावर जातो, तसा ज्ञानाचा लोभी शिष्य एका गुरूकडून दुसऱ्याकडे जातो. फक्त ‘ज्ञानलुब्ध’ हा शब्द नीट वाचावा. कष्टाचं साधन सांगितलं म्हणून कंटाळून निघालेला शिष्य यात बसत नाही.

आणि उद्योगपर्वात, अंबेच्या प्रसंगी, भीष्म आपल्या गुरूला, परशुरामालाच, जुना श्लोक ऐकवतात : ‘गुरोरप्यवलिप्तस्य कार्याकार्यमजानतः । उत्पथप्रतिपन्नस्य परित्यागो विधीयते.’ गर्वानं फुगलेला, काय करावं आणि काय करू नये हे न जाणणारा, आडवाटेला लागलेला गुरू असेल, तर त्याचा त्याग विहित आहे. हाच श्लोक इतरत्र ‘शासनम्’ असा शेवट घेऊनही येतो, म्हणजे अशा गुरूला आवर घालणंही योग्य. भीष्मांनी मग गुरूला वंदन केलं आणि युद्धाला उभे राहिले.