परग्रहवासी रंगवताना

तुमच्या कथेतील परग्रहवासी सोलापूरच्या पूर्व भागात टॉवेलची ऑर्डर द्यायला येतात, ही कल्पना चांगली आहे. मात्र ते सगळेच लबाड, मोडके मराठी बोलणारे आणि पैशासाठी हपापलेले आहेत. त्यांच्या नावाच्या जागी एखाद्या परप्रांतीय समाजाचे नाव घालून तोच परिच्छेद पुन्हा वाचा. तो टोमण्यासारखा वाटला, तर तुम्ही नवी प्रजाती घडवलेली नसून जुन्या पूर्वग्रहाला हिरवी कातडी चढवली आहे. १९८७ पासून ‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी विज्ञानकथा मालिकेत आलेल्या फेरेंगी या नफेखोर प्रजातीवर ज्यूंविषयीच्या जुन्या व्यंगचित्रांची छाप असल्याची टीका झाली, ती याच कारणाने.

सुरुवात स्वभावापासून न करता शरीरापासून करावी. समजा, हे जीव कायम धुक्यात राहतात, त्यांची दृष्टी अधू आहे आणि ते गंधावर जगतात. मग करारावर सही न करता ते कापडाला स्वतःचा गंध लावतील, आणि तो विरला की करार संपला असे मानतील. आपला कारखानदार टॉवेल धुऊन पाठवतो, ते पैसे द्यायला नकार देतात, आणि त्याला ती फसवणूक वाटते. त्यांच्या लेखी मात्र करार त्यानेच मोडलेला असतो. शिंगे आणि निळा रंग नंतर ठरवले तरी चालतात.

एवढ्यावर थांबू नका, कारण सगळी प्रजाती एकमताने वागली तर पुन्हा साचाच उरतो. त्यांच्यातच एकीला माणसांची लेखी पावती सोयीची वाटू द्या, आणि त्यावरून तिचे घरच्यांशी बिनसू द्या.