जागे व्हा, पण कोणी?

"आई, आजोबांच्या शाडूच्या गणपतीच्या मोहिमेसाठी मी घोषवाक्य केलं: 'मंडळांनो जागे व्हा, पीओपीला नाही म्हणा.' आजोबा म्हणाले, यमक चांगलं जमलंय, पण हे घेऊन मंडळात जाता येणार नाही. यात मी कुणाला काय बोलले?"

प्रिय सई,

गणपतीचे दहा दिवस मंडपात रात्रपाळी करणाऱ्या पोरांना तू 'जागे व्हा' म्हणतेस! पहाटे तीन वाजता मूर्तीजवळ खुर्ची टाकून बसलेला कार्यकर्ता हे वाचून हसेल तरी, नाहीतर चिडेल. आणि एकदा चिडला की तुझं पुढचं काही ऐकणार नाही. आपल्याकडे मंडळ म्हणजे गल्लीतलीच माणसं. ज्याने पावती फाडून आजोबांकडून वर्गणी नेली, तोच पावसात ताडपत्री बांधायला गच्चीवर चढतो. त्याला बाहेरून कुणी शहाणपण शिकवलेलं चालत नाही.

शिवाय 'पीओपीला नाही म्हणा' ही त्याच्यासाठी बातमीच नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०२० च्या सुधारित सूचनांमध्येच पीओपीच्या मूर्तींवर बंदी घातली होती. २०२५ मध्ये उच्च न्यायालयात प्रकरण गाजलं आणि सहा फुटांपर्यंतच्या पीओपीच्या मूर्ती कृत्रिम हौदातच विसर्जित करायच्या, असं ठरलं. नोटीस द्यायला महापालिका आहे. घोषवाक्याने तेच काम पुन्हा कशाला करायचं?

मी एकच कसोटी लावते. ही ओळ मंडळाचा अध्यक्ष आपल्या पावती पुस्तकावर, मंडळाच्या नावाखाली छापून घेईल का? 'मंडळांनो जागे व्हा' असं कुठलंही मंडळ स्वतःच्या पावतीवर छापणार नाही. म्हणजे ओळ अशी हवी की ती बोलणारा मंडळवालाच असेल. 'तुम्ही' गेलं आणि 'आम्ही' आलं की निम्मा ओरडा आपोआप जातो.

उरलेला निम्मा कुठे असतो? जमणार नाही ते मागण्यात. मंडळाला प्लास्टर आवडतं म्हणून ते प्लास्टरची मूर्ती आणतात असं नाही. प्लास्टरची मूर्ती आतून पोकळ आणि हलकी असते, साच्यात ओतली की थोड्या वेळात घट्ट होते. शाडूची मूर्ती पाणी सुकेल तशी हळूहळू कडक होते, तीही सावलीत. घाई केली की तडे जातात, आणि आपल्याकडे ऐन पावसाळ्यात तिला वाळवायचं असतं. आठ-दहा फुटांची शाडूची मूर्ती म्हणजे आत सांगाडा, प्रचंड वजन आणि मिरवणुकीत ट्रॉलीला बसणाऱ्या प्रत्येक हिसक्याला छातीत धडकी. त्यातून मोठ्या मूर्तीचा आगाऊ रकमेचा व्यवहार महिनोनमहिने आधी झालेला असतो. तू जुलैमध्ये 'शाडूचीच आणा' म्हणालीस तर मंडळाच्या कानांवर 'ॲडव्हान्स बुडवा' एवढंच पडेल.

मग मागायचं काय? पुण्यातल्या मंडळांनी याचं उत्तर फार पूर्वीच शोधलंय. दगडूशेठची मोठी मूर्ती दरवर्षी तीच असते. भाऊसाहेब रंगारींचा गणपती तर १८९२ पासून तोच आहे. अशी उत्सवमूर्ती कायम जपायची आणि विसर्जनाला पूजेची छोटी मूर्ती न्यायची, ही पद्धत गावात सगळ्यांना ठाऊक आहे. ती छोटी मूर्ती हात-दीड हाताची असली की शाडूची सहज मिळते, उचलता येते, आणि मंडपातली उंची एक इंचही कमी होत नाही. उंची हा मंडळाचा मान असतो, सई. त्याला हात लावायचा नाही.

त्यावरून मी ही ओळ केली:

मोठा बाप्पा मंडपात,
शाडूचा बाप्पा हौदात.

टाळ्या वाजवत म्हणून बघ. 'गणपती बाप्पा मोरया'सारखी एकाने पहिली ओळ म्हणायची आणि बाकीच्यांनी दुसरी उचलायची, अशी ती म्हणता येते. आधी मी 'पर्यावरणपूरक बाप्पा' घालून पाहिलं होतं. ढोल थांबल्यावरच्या तेवढ्या वेळात तो शब्द कुणाच्या तोंडातून धड बाहेर पडणार नाही. सरकारी फलकावरच शोभतो तो. 'पाण्यात' सोडून 'हौदात' घेतलं, कारण विसर्जनाची जागा त्यातच सांगून होते, वेगळी सूचना लावावी लागत नाही.

या ओळीचीही एक अडचण आहे, ती आजोबांना आधीच सांग. मोठी मूर्ती वर्षभर ठेवायला जागा लागते. ज्या मंडळाकडे पत्र्याची खोलीसुद्धा नाही, त्याच्या अध्यक्षाला ही ओळ टोचेल. तिथे जाताना 'मंडपात' म्हणण्याआधी मूर्ती कुठे ठेवता येईल हे विचारून घ्या. शेजारच्या शाळेच्या जिन्याखाली किंवा कुणाच्या गोदामात जागा निघाली तर ओळ चालेल, नाहीतर त्या मंडळापुरती बाजूला ठेवा.

पावतीच्या मागच्या बाजूसाठी दुसरी ओळ सुचते:

आमच्या बाप्पाची माती
पुन्हा मूर्तिकाराच्या हाती.

ही मला जास्त आवडते. न भाजलेली शाडू पाण्यात साखरेसारखी नाहीशी होत नाही, ती सुटते आणि तळाशी बसते. तो गाळ काढून निथळून ठेवला की पुन्हा मळता येतो. पुण्यात गेली काही वर्षं ही माती गोळा करून मूर्तिकारांना परत देण्याचं काम चालतं. प्लास्टरचं तसं होत नाही, ते एकदा घट्ट झालं की पाण्यात पडून राहिलं तरी पुन्हा मळण्याजोगं होत नाही. पण हे ओळीत म्हणायची गरज नाही. मंडळाला आपल्या मातीचं पुढे काय झालं ते सांगता येतं, यात अभिमान आहे, आणि अभिमानाची गोष्ट माणूस चारचौघांत आपणहून सांगतो.

मात्र पावतीवर छापलं की ते खरंही ठरायला हवं. बाजारात 'शाडूची' म्हणून प्लास्टरची मूर्ती गळ्यात मारणारे असतात. मूर्ती घ्यायला आजोबांबरोबर तू जा. बुडाला रंग नसतो, तिथे ओलं बोट थोडा वेळ चोळायचं. शाडू असेल तर बोटाला चिकट माती लागते, प्लास्टर असेल तर बोट नुसतं ओलं राहतं. हातात घेतल्यावर वजनातही फरक कळतो, शाडू चांगली जड लागते. रंग कसला दिलाय तेही विचार. तैलरंगाचा जाड थर असेल तर आत पाणी शिरायला वेळ लागतो आणि गाळात रंगाचे पापुद्रे येतात. हार, कंठी, दूर्वा, खोटे मणी हौदात सोडण्याआधीच काढून घ्यायचे, नाहीतर ती माती चाळत बसायची वेळ मूर्तिकारावर येते.

पावत्या छापायला टाकण्याआधी ज्या मूर्तिकाराकडून मूर्ती घेणार आहात त्याला गाठून, रंग लागलेली माती तो परत घेतो का, ते विचार. तो नाही म्हणाला आणि दुसरा कुणी घेणारा मिळाला नाही, तर दुसरी ओळ यंदा छापू नका.

तुझी,
आई