ट्रेकिओस्टॉमी घरी: ट्यूब चोंदते कशी आणि चोंदली तर काय करायचं

प्रश्न: बाबांना स्ट्रोक झाला होता. व्हेंटिलेटर निघाला, पण गळ्यातली ट्यूब तशीच ठेवून परवा डिस्चार्ज देणार आहेत. सिडकोत घर आहे, घरी आई, मी आणि माझी बायको. सक्शन दिवसातून किती वेळा करायचं? रात्री ट्यूब चोंदली तर दवाखान्यात पोचेपर्यंत काय करायचं? आई तर हात लावायलाच घाबरते.

उत्तर: मी आधी आयसीयूत सिस्टर होते, आता नाशिकमध्येच घरोघरी जाऊन असे पेशंट बघते. तुमचे दोन्ही प्रश्न खरं तर एकच आहेत. ट्यूब रात्री चोंदल्याचं लक्षात येतं, पण ती चोंदायला आदल्या दिवसापासून सुरुवात झालेली असते आणि ते कफाकडे बघून कळतं.

आपण नाकानं श्वास घेतो तेव्हा हवा आत जाताजाता गरम आणि ओलसर होते. बाबांचा श्वास आता नाकाला वळसा घालून थेट गळ्यातून जातो. म्हणजे खोलीतली हवा जशी असेल तशी श्वासनळीत. नाशिकच्या थंडीत ती कोरडी असते, उन्हाळ्यात पंखा आणि कूलर बंद खिडकीत चालला की वेगळाच त्रास. कोरड्या हवेनं कफाचं पाणी उडतं, तो आधी चिकट होतो, मग ट्यूबच्या आतल्या भिंतीला धरतो आणि थरावर थर चढत जातो.

गेल्या जानेवारीतली एका घरातली गोष्ट सांगते. इंदिरानगरचे आजोबा, आत-बाहेर अशी दोन नळ्यांची ट्यूब. थंडी फार म्हणून मुलानं रात्री कॉइलचा हीटर लावला आणि गळ्यावरचं ओलं गॉज काढून टाकलं, आजोबांना गारठा लागेल म्हणून. झोपण्यापूर्वी सूनबाईंनी सक्शन केलं तेव्हा कफ कमी निघाला. घरच्यांना वाटलं, चला, आज छाती मोकळी आहे. खरं तर कॅथेटर आत जाताना अडखळत होतं आणि निघालेला कफ डिंकासारखा तारा धरत होता. कफ कमी नव्हता, तो निघत नव्हता. पहाटे आजोबा हातवारे करू लागले, श्वासाला शिट्टीसारखा आवाज, गळ्याच्या हाडावरचा खळगा प्रत्येक श्वासाला आत ओढला जात होता. सूनबाईंनी सक्शन मशीनकडे धाव घेतली नाही. आधी आतली नळी फिरवून बाहेर काढली. तिच्या टोकाला तपकिरी, घट्ट खडा बसला होता. नळी निघताच श्वास मोकळा झाला. मग धुऊन ठेवलेली दुसरी नळी बसवली आणि त्यानंतर सक्शन केलं.

म्हणून डिस्चार्जच्या आधी सर्जनना विचारा: ट्यूब एका नळीची आहे की दोन? बऱ्याच जणांना आयसीयूत बसवलेली एका नळीची, फुग्याची ट्यूब तशीच ठेवून घरी पाठवतात. बाबा व्हेंटिलेटरवर नाहीत, लाळ त्यांना सांभाळता येत असेल, तर दोन नळ्यांची बिनफुग्याची ट्यूब बसवता येईल का हे त्यांनाच ठरवू द्या, पण विचारा जरूर. घरी सांभाळायला ती कितीतरी सोपी. आतली नळी दिवसातून निदान दोन-तीनदा काढून, छोट्या ब्रशनं धुऊन, उकळून गार केलेल्या पाण्यानं खळबळून, झटकून परत बसवायची. कफ जास्त असेल तर त्याहून जास्त वेळा.

आता ओलाव्याचं. दिवसातून तीन-चार वेळा साध्या नॉर्मल सलाइनचं नेब्युलायझेशन, एका वेळी ३ ते ५ मिली, तोंडाच्या नव्हे तर गळ्याच्या मास्कनं. सर्जिकल दुकानात ‘ट्रेकिओस्टॉमी मास्क’ म्हणूनच मागा. एरवी ट्यूबच्या तोंडाला एचएमई लावता येतो. त्यातला कागद किंवा स्पंज बाहेर जाणाऱ्या श्वासातला ओलावा धरून ठेवतो. तो चोवीस तासांनी बदलायचा, कफानं भरला तर लगेच, आणि नेब्युलायझर चालू असताना काढून ठेवायचा. कफ फार येत असेल तर एचएमई नको, तो स्वतःच चोंदतो. एचएमई परवडत नसेल तर स्वच्छ पाण्यानं ओलं करून पिळलेलं गॉज ट्यूबपुढे सैल टांगा, पाणी टपकेल इतकं ओलं नको, सुटे धागे नकोत. कॉन्सन्ट्रेटरचा ऑक्सिजन लागत असेल तर तो पाण्याच्या बाटलीतून गेलाच पाहिजे. आणि नाकातून पोटात गेलेल्या राइल्स ट्यूबनं दिवसभरात किती पाणी द्यायचं तो आकडा डॉक्टरांकडून लिहून घ्या. शरीरात पाणी कमी असेल तर नुसत्या वाफेनं कफ पातळ होत नाही. खोलीत हीटर लावू नका, पांघरूण वाढवा.

सक्शनला वेळापत्रक नसतं. घरघर ऐकू आली, ट्यूबच्या तोंडाशी कफ बुडबुडतोय पण खोकून निघत नाही, बाबा अस्वस्थ आहेत, तेव्हा करायचं. शिवाय सकाळी उठल्यावर आणि रात्री झोपण्यापूर्वी. विनाकारण केलं की आतलं अस्तर सोलवटतं, रक्ताच्या रेषा येतात आणि कफ उलट वाढतो. राइल्समधून फीड द्यायच्या आधी करा, दिल्यावर लगेच नको, उलटी होऊ शकते.

कॅथेटरची जाडी नळीच्या आतल्या व्यासाच्या निम्म्याहून जास्त नको. ८ नंबरच्या ट्यूबला १२ नंबर, ७ ला १० नंबर. आतली नळी असेल तर तिचा व्यास धरायचा. किती आत घालायचं ते अंदाजावर सोडू नका. जादाची ट्यूब हातात घ्या, कॅथेटर त्यातून घालून खालून अर्धा ते एक सेंटिमीटर बाहेर येऊ द्या आणि वरच्या तोंडाशी कॅथेटरवर मार्करनं खूण करा. तीच खूण सगळ्यांनी पाळायची. मशीनची नळी अंगठ्यानं दाबून काटा बघा, मोठ्या माणसाला ८० ते १२० एमएमएचजी पुरे. बटण पूर्ण फिरवून ठेवलेलं मी फार घरांत बघते.

हात साबणानं धुवा, ग्लोव्ह घाला. आत घालताना ओढ बंद, खुणेपर्यंत गेलं की ओढ सुरू, बोटांत फिरवत दहा सेकंदांच्या आत बाहेर. मग बाबांना दम घेऊ द्या, अर्धा ते एक मिनिट. तीनदा करून भागलं नाही तर थांबा, नेब्युलायझेशन द्या, पुन्हा बघा. प्रत्येक वेळी ट्यूबमध्ये सलाइन ओतून सक्शन करायची जुनी सवय काही ठिकाणी शिकवतात. तिच्यानं कफ फारसा पातळ होत नाही, उलट ट्यूबमधली घाण आणखी खाली जाते, त्यामुळे रोज नको.

ट्यूब चोंदली तर क्रम असा. एकानं लगेच १०८ ला फोन लावायचा, दुसऱ्यानं बाबांना बसतं करायचं. ट्यूबवर एचएमई, टोपी, बोलण्याचा व्हॉल्व्ह जे असेल ते काढा. आतली नळी काढा. बहुतेक वेळा इथंच श्वास मोकळा होतो. नाही झाला तर कॅथेटर घालून बघा. ते सहज खुणेपर्यंत गेलं तर ट्यूब उघडी आहे, सक्शन करा, तरी धाप थांबली नाही तर कारण दुसरीकडे आहे, दवाखाना गाठा. कॅथेटर अडलं तर जबरदस्ती करू नका, खडा खाली ढकलला जातो. फुगा असेल तर सिरिंजनं त्यातली हवा काढा, म्हणजे ट्यूबच्या बाजूनं थोडी हवा जाईल. तरीही जीव कासावीस होत असेल, ओठ निळे पडत असतील, तर ती ट्यूब गळ्यात ठेवून काही उपयोग नाही. फीत कापा, ट्यूब काढा, ऑब्च्युरेटर म्हणजे ट्यूबच्या आत बसणारी बोथट टोकाची दांडी, ती घातलेली जादाची ट्यूब जेली लावून खाली वळवत घाला आणि ऑब्च्युरेटर लगेच ओढून काढा, तो आत असेपर्यंत श्वास बंद असतो. तेवढ्या मापाची जात नसेल तर एक नंबर लहान घाला.

तीही गेली नाही तर पुढचं सगळं एका उत्तरावर अवलंबून आहे, ते परवाच्या आत मिळवा: बाबांची नाका-तोंडाची वाट मोकळी आहे का? स्ट्रोकनंतर बहुधा असते. तसं असेल आणि श्वास थांबला, तर गळ्याचं छिद्र गॉज आणि तळव्यानं झाकून तोंडावर मास्क धरून अँबू बॅगनं श्वास देता येतो. स्वरयंत्र काढलेल्या पेशंटला हे चालत नाही, त्याचा श्वास फक्त छिद्रातून. दुसरा प्रश्न, पहिली ट्यूब सर्जनच्या हातून एकदा बदलून झाली आहे का? झाली नसेल तर वाट अजून कच्ची आहे, आणि घरी ट्यूब काढायची वेळ आली तर काय करायचं ते त्यांच्याकडून स्पष्ट ठरवून घ्या.

बोलण्याचा व्हॉल्व्ह दिलाच तर फुगा पूर्ण रिकामा असल्याशिवाय लावू नका. फुगा भरलेला असेल तर हवा आत जाते आणि बाहेर पडायला वाटच उरत नाही.

आईंबद्दल. त्यांना पहिल्या दिवशी सक्शन शिकवू नका. आधी आतली नळी काढणं आणि बसवणं, तेही ट्यूब हातात घेऊन टेबलावर, मग वॉर्डातल्या सिस्टरसमोर बाबांच्या गळ्यात. वरच्या गोष्टीत जीव वाचवणारी कृती तीच होती, तिला मशीन लागत नाही. सक्शन तुम्ही आणि बायकोनं डिस्चार्जपूर्वी स्वतःच्या हातानं सिस्टरसमोर करून दाखवा, नुसतं बघून येऊ नका. चोंदल्याचा क्रम मोठ्यानं म्हणत तिघांनी मिळून करा, कोण फोन लावणार, कोण खाली सांगितलेली सामानाची पिशवी काढणार हे ठरवून. रात्री झोपण्यापूर्वीच्या सक्शनला आईंना शेजारी उभं करा आणि एकच विचारा: कफ कालच्यापेक्षा घट्ट आहे का, कॅथेटर अडलं का? ‘हो’ असेल तर तेव्हाच नेब्युलायझेशन द्या, आतली नळी धुवा, तासाभरानं पुन्हा बघा. कफ हिरवट, वास येणारा आणि ताप असेल तर डॉक्टरांना कळवा. लालभडक ताजं रक्त आलं तर वाट न बघता दवाखाना.

पिशवी बाबांच्या उशाशी खिळ्याला टांगा: त्याच नंबरची ट्यूब, एक नंबर लहान, ऑब्च्युरेटर, धुतलेली आतली नळी, कात्री, फीत, १० मिली सिरिंज, जेली, कॅथेटर, गॉज, अँबू बॅग, टॉर्च. ट्यूबचा नंबर आणि बदलल्याची तारीख लिहिलेला कागद तिच्यावर चिकटवा, अँब्युलन्सवाले तेच विचारतील. ती दवाखान्यात नेताना सोबत घ्या, रिकाम्या हातानं निघू नका. बाबांना हाक मारता येणार नाही, म्हणून चांगल्या हाताला घंटी बांधा. आणि वीज जाते हे धरूनच चला. बॅटरीचं मशीन महाग वाटलं तर पायानं चालवायचं सक्शन मशीन मिळतं, घेतल्याच्या दिवशीच आईंकडून ते एकदा पाण्याच्या भांड्यात चालवून घ्या.